टॅरोमधील कोर्ट कार्ड्स: व्यक्ती, मनःस्थिती की परिस्थिती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या पट्ट्यातून टॅरो शिकणारी आणि टॅरोकडे प्रश्न घेऊन येणारी मंडळी कोर्ट कार्ड्सविषयी जे प्रश्न सतत पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. सर्वाधिक वापरला जाणारा रायडर-वेट-स्मिथ संच डोळ्यांसमोर ठेवून उत्तरे लिहिली आहेत. एका उत्तरात सांगितलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कोर्ट कार्ड्स म्हणजे नेमकी कोणती पाने?

टॅरोच्या ७८ पानांपैकी २२ पाने मेजर अर्कानाची आणि ५६ मायनर अर्कानाची असतात. मायनर अर्कानात वाँड्स, कप्स, स्वोर्ड्स आणि पेंटॅकल्स असे चार गट असून प्रत्येक गटात एक्क्यापासून दहापर्यंतची दहा पाने आणि पेज, नाइट, क्वीन, किंग ही चार दरबारी पाने येतात. चार गटांची मिळून ही १६ पाने म्हणजे कोर्ट कार्ड्स. आपल्या नेहमीच्या पत्त्यांत राजा, राणी आणि गुलाम अशी तीनच चित्रे असतात. टॅरोत त्यांच्या जोडीला घोडेस्वार आहे, एवढे लक्षात ठेवले की रचना समजते.

२. इतर पाने पटकन उलगडतात, मग याच पानांपाशी अडखळायला का होते?

याचे कारण चित्रांतच आहे. १९०९ साली लंडनमध्ये प्रकाशित झालेल्या रायडर-वेट-स्मिथ संचात पामेला कोलमन स्मिथ यांनी एक्क्याच्या पुढच्या प्रत्येक अंकाच्या पानावर काहीतरी घडताना दाखवले. सेव्हन ऑफ पेंटॅकल्समध्ये एक माणूस अवजारावर रेलून आपल्या पिकाकडे पाहत उभा आहे. ते चित्र पाहताच वाट पाहणे, हिशेब करणे, केलेल्या श्रमाचे मोल जोखणे या गोष्टी आपोआप सुचतात. कोर्ट कार्ड्सवर मात्र बहुतेक वेळा एकच आकृती बसलेली, उभी किंवा घोड्यावर स्वार असते. तेथे घटना नाही, केवळ स्वभाव आहे. तो स्वभाव कोणाचा, की तो कोणा एकाचा नसून सगळ्या प्रसंगाचाच, हे चित्र सांगत नाही आणि ते ठरवण्याचे काम रीडरवर येते. म्हणून येथे पाठ केलेला अर्थ अपुरा पडतो. अर्थ कोठे लावायचा, हे ठरवण्याची रीतही लागते.

३. व्यक्ती, मनःस्थिती आणि परिस्थिती ही तीन वाचने एकमेकांपासून वेगळी कशी?

एकच पान घेऊन पाहणे सोपे जाईल. नाइट ऑफ पेंटॅकल्समध्ये जाडजूड काळा घोडा नांगरलेल्या शेताच्या कडेला स्थिर उभा आहे आणि स्वाराने हातात नाणे धरले आहे. चार नाइट्सपैकी याचाच घोडा पूर्णपणे थांबलेला आहे.

व्यक्ती म्हणून वाचल्यास हा सावकाश, नेमाने काम करणारा, शब्दाला पक्का पण घाई केल्यास हटून बसणारा माणूस ठरतो. मनःस्थिती म्हणून वाचल्यास प्रश्न विचारणाऱ्याच्या मनातला चिकाटीचा किंवा साचलेपणाचा काळ समोर येतो. आळस नसतो, पण पाऊल पुढे पडत नाही. परिस्थिती म्हणून वाचल्यास कोणाच्याही स्वभावाचा संबंध उरत नाही. मालवणच्या एखाद्या ट्रॉलरमालकाने जूनमध्ये धंद्याविषयी विचारले आणि हे पान आले, तर १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असताना जाळी दुरुस्त करणे, इंजिनाचे काम काढणे आणि थांबणे, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. येथे मालकाला संथ म्हणणे हे चुकीचे वाचन होईल, कारण संथपणा हंगामाचा आहे.

पानाचा गाभा तिन्ही वाचनांत तोच राहतो, केवळ तो ज्याला लागू पडतो ते बदलते.

४. मग तिन्हींपैकी कोणते वाचन घ्यायचे, हे ठरवायचे कसे?

बहुतेक अनुभवी रीडर चार गोष्टी पाहतात. माझा आग्रह असा की त्या याच क्रमाने पाहाव्यात, कारण वरची गोष्ट स्पष्ट असेल तर खालच्या गोष्टीने ती मोडता कामा नये.

पहिली गोष्ट म्हणजे मांडणीतील जागा. दहा पानांच्या केल्टिक क्रॉसमध्ये सातवी जागा प्रश्नकर्त्याची स्वतःची आणि आठवी त्याच्या घराची व भोवतालच्या माणसांची मानली जाते. सातव्या जागी आलेली क्वीन ही नणंद किंवा सासू नसते. तेथे ती प्रश्नकर्त्याची स्वतःची वृत्ती असते, मग प्रश्नकर्ता पुरुष असला तरी. आठव्या जागी तीच क्वीन आली तर माणूस शोधणे रास्त आहे. जागांची नावे पाने पिसण्यापूर्वी मोठ्याने सांगावीत किंवा कागदावर लिहावीत. पान पाहिल्यानंतर जागेचे नाव बदलणे हे या कामातील सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक शैथिल्य आहे, कारण मग कोणतेही पान हवे तसे वळवता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्नाची वाक्यरचना. 'दादा जमिनीच्या वाटणीला तयार होईल का?' या प्रश्नात माणूस आधीच आहे. 'मी नोकरी सोडून गावी घर भाड्याने द्यायचा व्यवसाय सुरू करावा का?' या प्रश्नात दुसरा माणूस नाही, म्हणून तेथे आलेला किंग आधी भूमिका किंवा मनःस्थिती म्हणून वाचावा आणि अनोळखी पाठीराख्याची आशा दाखवू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे शेजारची पाने. भोवती भावनांची, स्वप्नांची, काळजीची पाने असतील, उदाहरणार्थ नाइन ऑफ स्वोर्ड्स किंवा मून, तर कोर्ट कार्ड आतल्या अवस्थेकडे झुकते. भोवती कामाची, पैशाची, प्रवासाची पाने असतील तर ते बाहेरच्या माणसाकडे किंवा प्रसंगाकडे झुकते. हा झुकाव आहे, नियम नव्हे, म्हणून त्याचे स्थान तिसरे.

चौथी गोष्ट म्हणजे ओळख पटणे. रीडरने नाव न सुचवता पानाचा स्वभाव दोन वाक्यांत सांगावा आणि थांबावे. प्रश्नकर्त्याला माणूस खरोखर ओळखू आला तर तो लगेच आणि काहीतरी ठोस सांगतो: 'हे तर आमचे काका, गेल्या वर्षीच त्यांनी असे केले.' उलट तो नातेवाइकांची यादी चाळू लागला, 'कदाचित मावशी, नाहीतर ऑफिसातली ती', असे म्हणू लागला, तर व्यक्तीचे वाचन सोडून द्यावे. ओढूनताणून बसवलेला माणूस पुढचे सगळे वाचन वाकडे करतो.

५. हे सगळे एकत्र कसे चालते, ते एखाद्या उदाहरणावरून सांगाल का?

देवगडकडील एका बाईंचा प्रश्न घेऊ. हापूसची बाग त्यांचे यजमान आणि मुंबईला असलेले थोरले दीर यांच्या सामाईक नावावर आहे. मोहोर यायच्या सुमारास त्यांनी विचारले: 'यंदा बाग व्यापाऱ्याला करारावर द्यावी की घरीच राखावी, आणि दिरांशी हे बोलावे कसे?' पाच जागा आधी ठरवून लिहिल्या: आजची स्थिती, बाईंचे मन, दिरांची बाजू, आड येणारी गोष्ट, आणि पुढचे पाऊल. पाने डावीकडून उजवीकडे अशी आली: सेव्हन ऑफ पेंटॅकल्स, क्वीन ऑफ स्वोर्ड्स, सिक्स ऑफ कप्स, किंग ऑफ पेंटॅकल्स, पेज ऑफ पेंटॅकल्स.

पहिल्या पानाबद्दल वाद नाही; श्रम झाले आहेत, फळ दिसते आहे, आणि आता हे पुढे कसे न्यायचे हा विचार आहे.

दुसऱ्या जागी क्वीन ऑफ स्वोर्ड्स आली. जागा मनाची असल्याने ही कोणी तिखट जाऊबाई आहे का, हा प्रश्नच उद्भवत नाही. चित्रात ती ताठ बसलेली आहे, तलवार सरळ वर आहे आणि दुसरा हात पुढे केलेला आहे. बाईंच्या मनात राग नसून स्पष्टतेची भूक आहे, असे वाचन केले: तोंडी 'बघू, करू' पुरे झाले, आता खर्च किती, वाटा किती, हे एकदा ठरावे. बाईंनी यावर लगेच मान डोलावली. क्वीनचा चेहरा चित्रात उजवीकडे आहे आणि मांडणीत उजवीकडे दिरांचे पान आहे, ही गोष्टही वाचनाला जुळून आली, पण ती पुरवणी म्हणूनच धरावी (प्रश्न ८ पहा).

तिसरी जागा माणसाची, पण तेथे कोर्ट कार्ड आलेच नाही. असे पुष्कळदा होते आणि नवशिका रीडर मग मांडणीतला दुसरा कोणता तरी किंग उचलून तो दीर आहे असे म्हणतो. तसे करू नये. सिक्स ऑफ कप्समध्ये जुन्या अंगणात मुले आहेत, पेल्यांत फुले आहेत. दिरांच्या लेखी ही बाग उत्पन्नाची बाब कमी आणि बालपणाची आठवण जास्त आहे. करार म्हणजे परक्या माणसाच्या हाती घर देणे, असे त्यांना वाटू शकते. हे दिरांच्या मनातले खात्रीचे वृत्त नव्हे. बाईंनी त्या बाजूने विचार करून पाहावा, एवढीच या पानाची मागणी आहे.

चौथ्या जागी किंग ऑफ पेंटॅकल्स आला आणि येथेच खरे काम होते. द्राक्षांच्या नक्षीचा झगा, सिंहासनावर बैलांची शिरे, मागे गढी: संपत्ती राखणारा धनी. बाईंनी 'हे आमचे मामंजी' असे म्हटले, पण ते हयात नव्हते. व्यापारीही चित्राला शोभला असता आणि दीरही. अशा वेळी प्रत्येक उमेदवाराला जागेच्या वाक्यात बसवून पाहावे. 'आड येतो तो व्यापारी' हे वाक्य उभे राहत नाही, कारण त्याने अजून भावही सांगितलेला नव्हता. 'आड येतात ते दीर' असे म्हटले तर त्यांची बाजू तिसऱ्या जागेने आधीच सांगितली आहे, आणि एका माणसाला दोन जागा देण्यासाठी काही वेगळे कारण हवे. मामंजींचे नाव ओळखीच्या कसोटीवर टिकते, पण व्यक्ती म्हणून नव्हे. ते असताना बागेचे सगळे निर्णय तेच घेत. त्यांच्यानंतर सातबाऱ्यावर नावे चढली, पण निर्णय कोणी घ्यायचा हे ठरलेच नाही. म्हणून हे पान परिस्थिती म्हणून वाचले: धन्याची जागा रिकामी आहे आणि तीच आड येते. बाईंनी सुचवलेल्या नावाने दिशा दाखवली, पण जागेने त्याला परिस्थितीचे रूप दिले.

पाचवे पान पेज ऑफ पेंटॅकल्स, हातातल्या नाण्याकडे एकाग्रतेने पाहणारा तरुण. बाईंचा मुलगा रत्नागिरीत शिकत होता, त्यामुळे 'मुलाकडून करून घ्या' असे म्हणण्याचा मोह होता. पण जागा पाऊल विचारते, माणूस नव्हे. म्हणून सांगितले ते असे: मागच्या हंगामाच्या फवारण्या, मजुरी, राखण, पेट्या आणि मिळालेला भाव यांचा हिशेब एका वहीत मांडा, आणि तो हातात असताना दिरांशी बोला. करार द्यावा की नाही, याचे उत्तर या मांडणीने दिले नाही; ते कोणी आणि कशाच्या आधारे द्यायचे, हे दाखवले. हिशेब मुलाने लिहायचा की बाईंनी, हे त्यांच्यावर सोडले.

६. किंग म्हणजे पुरुष आणि क्वीन म्हणजे बाई, असेच धरायचे ना?

तसे धरण्याचे बंधन नाही. पंधराव्या शतकात मिलानच्या दरबारासाठी रंगवलेल्या आणि आज येल विद्यापीठाच्या संग्रहात असलेल्या व्हिस्कोन्ती संचात तर स्त्री-घोडेस्वार आणि स्त्री-सेवकही आहेत. म्हणजे दरबारातील माणसे आणि लिंग यांचा हिशेब अगदी सुरुवातीपासून एकसारखा नाही. व्यवहारात किंग म्हणजे बाहेरच्या जगात अधिकार चालवणारी आणि क्वीन म्हणजे तीच शक्ती आतून मुरवून इतरांना पोसणारी वृत्ती, असे वाचणे अधिक उपयोगी पडते. नवरा मुंबईला किंवा बोटीवर असताना घर, बाग, गुरे आणि बँक एकहाती सांभाळणारी बाई कोकणात घरोघर भेटते, आणि तिच्यासाठी किंग ऑफ पेंटॅकल्स आला तर त्यात काहीही विचित्र नाही.

वयाचेही तसेच. पेज म्हणजे मूल असेलच असे नाही. साठीत संगणक शिकायला बसलेले निवृत्त शिक्षकही पेज असतात.

७. जुन्या पुस्तकांत केसांच्या आणि डोळ्यांच्या रंगावरून पान निवडायला सांगितले आहे. ती पद्धत वापरावी का?

आपल्याकडे ती चालत नाही, आणि कारण सरळ आहे. आर्थर एडवर्ड वेट यांनी प्रश्नकर्त्याचे प्रतिनिधी पान निवडण्यासाठी दिलेल्या नियमानुसार पिवळसर किंवा तांबूस केसांच्या माणसाला वाँड्स, फिकट तपकिरी केसांना कप्स, गडद तपकिरी केसांना स्वोर्ड्स आणि काळ्याभोर केसांना पेंटॅकल्स मिळतात. या हिशेबाने सावंतवाडीपासून दापोलीपर्यंत जवळजवळ प्रत्येकजण पेंटॅकल्सचा होईल आणि उरलेल्या बारा पानांना कामच राहणार नाही. वयाचा त्यांचा नियमही चकवणारा आहे: चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाला नाइट आणि त्याहून लहान पुरुषाला किंग, चाळिशीनंतरच्या स्त्रीला क्वीन आणि तरुण स्त्रीला पेज. किंग वडीलधारा असतो, असे शिकलेल्यांना हे उलटेच वाटते.

मात्र त्याच ठिकाणी वेट यांनी सवलतही दिली आहे, की माणसाचा स्वभाव ठाऊक असेल तर रंगापेक्षा स्वभावाने पान निवडावे; अतिशय काळ्या केसांचा माणूस फार उत्साही असेल तर त्याला पेंटॅकल्सऐवजी स्वोर्ड्सचे पान शोभेल. आपण त्या सवलतीवरच चालावे.

८. आलेले कोर्ट कार्ड मी स्वतः आहे की समोरचा, हे कसे ओळखायचे?

जागेने ठरत असेल तर तेथेच थांबावे (प्रश्न ४). जागा मोघम असेल, जसे की 'सल्ला' किंवा 'प्रभाव', तर दोन गोष्टी मदत करतात. पानाचा स्वभाव प्रश्नकर्त्याच्या आजच्या वागण्याशी जुळतो का, हे पाहावे. नेहमीच्या स्वभावाशी नव्हे, कारण शांत माणूसही भांडणाच्या काळात नाइट ऑफ स्वोर्ड्स होतो. आणि 'सल्ला' या जागेपुरते पान प्रश्नकर्त्याचेच धरावे, कारण दुसऱ्याने कसे वागावे हा सल्ला त्याच्या काही कामाचा नाही.

आकृती कोणत्या बाजूला पाहते, याला काही रीडर फार महत्त्व देतात. नाइट ऑफ स्वोर्ड्स डावीकडे धावतो, क्वीन ऑफ स्वोर्ड्स उजवीकडे पाहते, आणि ज्या पानाकडे नजर आहे तिकडे लक्ष आहे, असे मानतात. आधीच ठरलेल्या वाचनाला हे बळ देऊ शकते. केवळ नजरेवरून निर्णय घेऊ नये, कारण दुसऱ्या चित्रकाराच्या संचात तीच आकृती दुसरीकडे पाहत असते.

९. एकाच मांडणीत खूप कोर्ट कार्ड्स आली तर?

७८ पैकी १६ म्हणजे साधारण पाचात एक, त्यामुळे दहा पानांच्या मांडणीत दोन येणे अगदी सामान्य आहे. चार-पाच आली तर सर्वांना माणसे समजून घर भरून टाकू नये. आधी विचारावे की या प्रश्नात खरोखर इतक्या जणांचे मत गुंतले आहे का. गणपतीत चाकरमानी घरी आले की घराच्या दुरुस्तीचा किंवा वाटणीचा विषय निघतो आणि अशा प्रश्नांत ते खरेही असते. तेव्हा पुष्कळ कोर्ट कार्ड्सचा अर्थ 'निर्णय एकट्याच्या हातात नाही' असा घेता येतो. प्रश्न पूर्णपणे वैयक्तिक असेल तर तीच पाने एका माणसाच्या मनातल्या एकमेकांशी भांडणाऱ्या भूमिका म्हणून वाचावीत. वरच्या उदाहरणात पाचांपैकी तीन होती, आणि त्यांतले एकही शेवटी बाहेरचा माणूस ठरले नाही.

१०. उलटे कोर्ट कार्ड म्हणजे वाईट माणूस का?

नाही. आधी ते पान सरळ आहे असे समजून व्यक्ती, मनःस्थिती की परिस्थिती हे ठरवावे आणि मगच उलटेपणाचा विचार करावा. व्यक्ती असेल तर तिचा गुण अडलेला किंवा अतिरेकाला गेलेला असतो. मनःस्थिती असेल तर ती दाबून ठेवलेली असते. परिस्थिती असेल तर उशीर किंवा खोळंबा असतो. 'उलटी राणी म्हणजे कपटी बाई' यासारखे तयार अर्थ वापरल्याने घरात संशय शिरतो. बरेच चांगले रीडर उलटी पाने वाचतच नाहीत, आणि त्यांचे काही अडत नाही.

११. लग्नाच्या प्रश्नात नाइट ऑफ कप्स आला. म्हणजे स्थळ येणार का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि उत्तर ऐकून बहुतेकजण नाराज होतात. नाइट ऑफ कप्सच्या पारंपरिक अर्थांत आगमन, जवळ येणे, प्रस्ताव आणि निमंत्रण हे अर्थ आहेत, त्यामुळे स्थळ किंवा बोलणी सुरू होणे हे परिस्थितीचे वाचन परंपरेला धरूनच आहे. पण त्यातून येणाऱ्या मुलाचा स्वभाव, रंगरूप किंवा महिना काढणे हे पानाच्या बाहेरचे आहे. शिवाय या स्वाराचा घोडा हळू चालतो आणि त्याच्या हातात पेला आहे, म्हणजे देऊ केलेली गोष्ट आहे. ती स्वीकारायची की नाही, हे चित्रात ठरलेले नाही. हे पान 'भविष्य' या जागी असेल तर प्रस्ताव म्हणून वाचावे, 'माझे मन' या जागी असेल तर ज्याने विचारले त्याच्याच मनातली ओढ म्हणून वाचावे.

ग्रामदेवतेला कौल लावण्याची सवय असलेल्या आपल्या माणसांना डावे-उजवे असे सरळ उत्तर हवे असते. कोर्ट कार्ड तसे उत्तर देत नाही, हे मांडणीआधीच सांगितले तर पुढचा गैरसमज टळतो.

१२. मुलगा बोटीवर आहे, आई त्याच्याबद्दल विचारते. आलेला नाइट मुलगा धरायचा की आई?

मर्चंट नेव्हीत मुले असलेल्या घरांतून हा प्रश्न नेहमी येतो. येथे पाने पिसण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते: मांडणी कोणाच्या नजरेतून आहे. आई समोर बसलेली आहे, म्हणून मांडणी तिच्या नजरेतून धरावी. 'मुलाची स्थिती' अशी स्वतंत्र जागा ठेवली असेल आणि तेथे नाइट ऑफ वाँड्स आला, तर तो आईच्या मनात उभा असलेला मुलगा असतो: धडाडीचा, न ऐकणारा, तिच्या काळजीचे कारण. हे वाचन तिला तिच्या काळजीकडे पाहायला मदत करते. मुलगा बरा आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. फोन येत नसेल तर त्याच्या कंपनीकडे चौकशी करावी. पानांवर विसंबून एक दिवसही घालवू नये.

१३. घरात सतत काहीतरी बिघडते. कोर्ट कार्डवरून 'करणारा' कोण ते कळेल का?

या प्रश्नासाठी मांडणी करू नये, आणि केलेल्या मांडणीत असा अर्थ काढू नये. कोर्ट कार्डवर चेहरा आणि स्वभाव दोन्ही असल्यामुळे दोषी माणूस दाखवायला ते फार सोयीचे वाटते. क्वीन ऑफ स्वोर्ड्स आली की शेजारची विधवा बाई आठवते, कारण जुन्या अर्थांत हे पान वैधव्याशी जोडलेले आहे. एवढ्यावरून एखादीचे गावात जगणे कठीण होते. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिला बदनाम करणे त्याच्या कक्षेत येते. 'आड येणारी गोष्ट' या जागी आलेले कोर्ट कार्ड मी अशा घरांत नेहमी परिस्थिती म्हणूनच वाचते, ओळख कितीही पटकन पटली तरी. प्रश्न ४ मधील चौथी कसोटी येथे मी जाणूनबुजून बाजूला ठेवते.

१४. अर्थ लागत नसेल तर त्यावर आणखी एक पान काढावे का?

एक काढावे, आणि ते काय विचारते हे काढण्यापूर्वी ठरवावे: 'हा माणूस असेल तर त्याचे या प्रश्नातले काम काय?' किंवा 'ही अवस्था असेल तर ती कशातून आली?' दुसरे पानही कोर्ट कार्ड निघाले तर तिसरे काढू नये. दोन पानांना एकमेकांशी बोलणाऱ्या दोन भूमिका म्हणून वाचावे, आणि तरीही उलगडा झाला नाही तर 'हे पान आज स्पष्ट होत नाही' असे प्रश्नकर्त्याला सांगावे.

१५. माझ्याकडे थॉथ संच आहे. त्यात किंग नाहीच. हे नियम लागू होतात का?

ठरवण्याचा क्रम तोच राहतो. अलेस्टर क्राउली यांच्यासाठी लेडी फ्रीडा हॅरिस यांनी रंगवलेल्या या संचात नाइट, क्वीन, प्रिन्स आणि प्रिन्सेस अशी चार पाने आहेत, आणि त्यातला नाइट हा सर्वांत वरचा, प्रौढ अधिकाराचा आहे. त्यामुळे रायडर-वेट-स्मिथमधील नाइटचे धावपळीचे अर्थ थॉथच्या नाइटला जसेच्या तसे लावले तर घोटाळा होतो. एका संचावर वाचायला शिकून दुसरा हातात घेणाऱ्यांनी ही एक गोष्ट आधी सांभाळावी.

१६. दर वेळी तेच कोर्ट कार्ड येते. ते एकच माणूस आहे का?

आधी पाने नीट पिसली जातात का, हे पाहावे. नवीन गुळगुळीत पाने चिकटून एकत्र राहतात आणि पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत जुनी पानेही एकमेकांना सोडत नाहीत. पिसणे ठीक असेल तर पान कोणकोणत्या जागी आले ते तपासावे. क्वीन ऑफ कप्स कधी 'माझे मन', कधी 'घरची माणसे', कधी 'पुढचे पाऊल' या जागी आली असेल तर ती एक व्यक्ती मानता येत नाही. तिन्ही ठिकाणी समान आहे ती झाकलेल्या पेल्याकडे टक लावून बसण्याची वृत्ती, म्हणजे आतले बाहेर न बोलण्याची. ती सतत दुसऱ्या माणसाच्या जागीच येत असेल आणि प्रश्नकर्त्याला तो माणूस ठोसपणे ओळखू येत असेल, तर मात्र व्यक्तीचे वाचन धरून चालावे. यासाठी वहीत तारीख, प्रश्न, जागेचे नाव, पान आणि त्या दिवशी घेतलेले वाचन अशा पाच नोंदी ठेवाव्यात. जागेचे नाव लिहिलेले नसेल तर ही तुलना करता येत नाही.